अडकलेला घास आणि उरलेली हवा

हळदीच्या जेवणाची पंगत रंगात आली आहे, असे समजू. साठीतले एक काका ताटावर बसलेत. नवी कवळी अजून नीट बसलेली नाही, त्यामुळे मटणाचा तुकडा पुरता चावला गेलेला नाही. तेवढ्यात शेजारच्याने काहीतरी विनोद केला. काका हसले, हसता हसता त्यांनी श्वास आत ओढला आणि एकदम थांबले. डोळे विस्फारले, एक हात गळ्याकडे गेला, खुर्ची सरकवून ते उभे राहिले. आजूबाजूच्या कुणाला काही कळले नाही, कारण आवाज झालाच नाही. ठसका नाही, खोकला नाही, ओरडणे नाही. मग कुणी म्हणाले, "काकांना अटॅक आला वाटतं." कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला, कुणी पंखा त्यांच्याकडे वळवायला सांगितला.

ही गफलत नेहमीची आहे. 1963 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हॉगन नावाच्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी अशा मृत्यूंबद्दल लिहिले होते. हॉटेलात जेवता जेवता माणूस अचानक कोसळतो, सगळे म्हणतात हृदयविकाराचा झटका आला, आणि शवविच्छेदनात घशात मांसाचा मोठा तुकडा सापडतो. या प्रकाराला त्यांनी 'कॅफे कॉरोनरी' असे नाव दिले. न चावता गिळलेला मोठा घास, तोंडात कवळी आणि पोटात मद्य, या गोष्टी अशा प्रसंगांत वारंवार आढळत होत्या.

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? हृदयविकाराचा झटका आलेला माणूस बहुतेक वेळा बोलू शकतो. छातीत दुखतंय, घाम आलाय, हे तो सांगतो. श्वासनलिका पूर्ण बंद झालेल्याला एक शब्दही बोलता येत नाही, कारण आवाज निघायला स्वरयंत्रातून हवा वाहावी लागते आणि इथे वाट बंद असते. म्हणून पहिला प्रश्न थेट विचारावा, "काका, घशात अडकलंय का?" त्यांनी नुसती मान हलवली आणि तोंडातून स्वर निघाला नाही, तर निदान झाले.

आता हा घास नेमका कुठे आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे पाहिले की पुढचा सगळा उपाय आपोआप समजतो.

घासाच्या मागे किती हवा असते?

गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण खाली झुकते आणि घास मागच्या अन्ननलिकेत सरकतो. त्या क्षणी श्वास थांबलेला असतो. हसणे, बोलणे किंवा दचकणे यामुळे नेमक्या याच वेळी श्वास आत ओढला गेला, तर हवेबरोबर घासही स्वरयंत्राच्या तोंडाशी खेचला जातो आणि बाटलीच्या बुचासारखा बसतो. बुचाच्या वर घसा आणि तोंड, खाली श्वासनलिका आणि फुप्फुसे.

या फुप्फुसांत हवा असते, आणि बरीच असते. आपण शांतपणे श्वास घेतो तेव्हा साधारण अर्धा लिटर हवा आत जाते आणि तेवढीच बाहेर येते. पण श्वास सोडल्यावर फुप्फुसे रिकामी होत नाहीत. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत नेहमीचा श्वास सोडल्यानंतरही सुमारे 2.4 लिटर हवा उरते. या उरलेल्या हवेचे दोन भाग करता येतात. त्यातली सुमारे 1.2 लिटर हवा जोर लावून बाहेर काढता येते. फुगा फुगवताना शेवटी पोट आत ओढून आपण जी फुंकर मारतो ती हीच. उरलेली सुमारे 1.2 लिटर हवा मात्र कितीही जोर लावला तरी निघत नाही. पाठ्यपुस्तकांत 'शिलकी हवा' म्हणतात ती ही दुसरी. घास उडवण्याच्या संदर्भात 'फुप्फुसातली उरलेली हवा' असे म्हटले जाते, तेव्हा दोन्ही मिळून असलेला साठा अभिप्रेत असतो.

घास बहुधा श्वास आत घेताना अडकतो. म्हणजे त्या क्षणी या 2.4 लिटरमध्ये आत ओढलेल्या हवेचीही भर पडलेली असते. थोडक्यात, गुदमरणाऱ्या माणसाच्या छातीत दोन लिटरहून जास्त हवा असते. तिचा प्रश्न एवढाच की ती बुचाच्या चुकीच्या बाजूला अडकली आहे.

ऑक्सिजन संपतो, हवा संपत नाही

या साठ्यात ऑक्सिजन किती? फुप्फुसांच्या आतल्या हवेत तो बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे सुमारे 14 टक्के असतो. 2.4 लिटरच्या 14 टक्के म्हणजे जेमतेम 340 मिलिलिटर. स्वस्थ बसलेल्या माणसालाही मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. म्हणजे स्वस्थ बसूनही फुप्फुसातला साठा सव्वा मिनिटाच्या आसपास पुरेल. घाबरून धडपडणाऱ्याला तर त्याहून कमी. रक्तात आधीच मुरलेल्या ऑक्सिजनवर आणखी थोडा वेळ निघतो. त्यामुळे वाट पूर्ण बंद असेल तर साधारण दोन-तीन मिनिटांत शुद्ध हरपू लागते, आणि चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत थांबणे परवडत नाही. 108 ला फोन करायचाच, पण तो दुसऱ्या कुणीतरी करावा आणि पहिल्याने हात चालवावेत.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऑक्सिजन संपला तरी हवा संपत नाही. फुप्फुसातल्या हवेचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग नायट्रोजनचा असतो आणि शरीर तो वापरत नाही. त्यामुळे जगवण्याच्या कामासाठी ही हवा निरुपयोगी झाली, तरी ढकलण्याच्या कामासाठी ती तितकीच चांगली असते. घासाला मागून धक्का द्यायला ऑक्सिजन लागत नाही, दाब लागतो.

मग माणूस स्वतः का खोकत नाही?

खरे तर खोकला हाच शरीराचा सर्वांत जोरदार उपाय आहे. खोकताना आपण आधी खोल श्वास घेतो, स्वरयंत्राचे दार घट्ट मिटतो, पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू आवळून आतला दाब वाढवतो आणि मग दार एकदम उघडतो. छातीतला दाब त्या वेळी 100 मिलिमीटर पारा किंवा त्याहूनही वर जातो. बाहेरून कुणी पोटावर दिलेला झटका एवढा दाब सहसा निर्माण करत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की जो खोकतो आहे त्याला खोकू द्यावे. ठसका लागून डोळ्यांतून पाणी येत असले, चेहरा लालबुंद झाला असला, तरी आवाज निघतो आहे याचा अर्थ हवेची वाट थोडी का होईना उघडी आहे. अशा वेळी पोट दाबले तर हवा फटीतून निसटते, दाब साचत नाही, आणि घास हलून वाट पुरती बंद होण्याचीही शक्यता असते.

वाट पूर्ण बंद झाली की मात्र खोकल्याची पहिली पायरीच निघून जाते. खोल श्वास घेताच येत नाही. उलट घाबरलेला माणूस जिवाच्या आकांताने श्वास आत ओढायचा प्रयत्न करतो. छाती फुगते, आत पोकळी निर्माण होते आणि घास आणखी खोल खेचला जातो. पुढे स्नायूही थकतात. छातीत हवा आहे, पण तिला मागून रेटणारे कुणी नाही, अशी ही स्थिती असते. तो रेटा बाहेरून कसा द्यायचा, याचे उत्तर 1974 मध्ये मिळाले.

कुत्र्यांवरचा प्रयोग

हेन्री हाइमलिक हे अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातले छातीच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. अशा मृत्यूंबद्दल वाचल्यावर त्यांनी विचार केला तो याच उरलेल्या हवेचा. त्यांनी भूल दिलेल्या बीगल जातीच्या कुत्र्याच्या स्वरयंत्रात एक नळी घातली, तिचे तोंड बंद केले आणि तिच्याभोवतीचा फुगा फुगवून वाट पूर्ण अडवली. मग कुत्र्याची छाती दाबून पाहिली. नळी फारशी हलली नाही. त्यानंतर बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात मूठ ठेवून ती छातीच्या दिशेने वर ढकलली, आणि नळी तोंडातून बाहेर उडाली. मांसाचा गोळा अडकवून पाहिले, तोही निघाला.

जून 1974 मध्ये त्यांनी हे एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलले. थोड्याच दिवसांत वॉशिंग्टन राज्यात हॉटेल व्यवसायातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पेपरात वाचलेली ती कृती घास अडकलेल्या शेजारणीवर केली आणि ती वाचली. पुढच्या वर्षी हाइमलिक यांनी काही निरोगी स्वयंसेवकांवर मोजमापे घेतली. पोटावरच्या एका झटक्यात सरासरी 31 मिलिमीटर पारा इतका दाब निर्माण होत होता आणि पाव सेकंदाच्या आसपास सुमारे 0.9 लिटर हवा बाहेर पडत होती.

पोट दाबले तर छातीत काय होते?

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पातळ पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम काही मिलिमीटर, आणि आकार छातीत वर फुगलेल्या घुमटासारखा. श्वास घेताना हा घुमट सपाट होऊन खाली येतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आत शिरते. घुमट वर गेला की जागा कमी होते आणि हवा बाहेर पडते.

या पडद्याच्या खाली यकृत, जठर, आतडी असे सगळे अवयव दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांत पाण्याचा अंश भरपूर, आणि पाणी दाबून लहान होत नाही. पाण्याने भरलेली पिशवी एका बाजूने दाबली की ती दुसरीकडे फुगते, तसेच पोटाचे होते. मागे पाठीचा कणा आहे, खाली कमरेचे हाडांचे खोलगट भांडे आहे, बाजूंना बरगड्या आणि स्नायू आहेत. समोरून मूठ आत दाबली आणि वर उचलली, तर आतल्या अवयवांना सरकायला सर्वांत सोपी वाट वरचीच उरते, म्हणजे श्वासपटलाच्या घुमटाची. घुमट झपाट्याने वर जातो आणि छातीतली हवा दाबली जाते.

हवा किती दाबावी लागते? वायूचे आकारमान जितके कमी करावे तितका त्याचा दाब वाढतो, हा बॉइलचा नियम शाळेत सगळ्यांनी शिकलेला असतो. बाहेरच्या हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा धरला, तर 31 मिलिमीटरची वाढ म्हणजे साधारण 4 टक्के. छातीतल्या 2.4 लिटर हवेचे 4 टक्के म्हणजे सुमारे 100 मिलिलिटर, अर्धा कप चहा. वाट पक्की बंद असेल, तर श्वासपटल अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास वर सरकले तरी एवढा दाब तयार होऊ शकतो. शांत श्वासोच्छ्वासातही ते याहून जास्त, दीड सेंटीमीटरभर, खालीवर होत असते. म्हणजे ही हालचाल मोठी असावी लागत नाही. ती झटक्याची असावी लागते.

आता हा दाब घासावर काय करतो ते पाहू. 31 मिलिमीटर पारा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 42 ग्रॅम वजनाइतका जोर. काकांच्या घशात बसलेल्या तुकड्याची खालची बाजू दोन चौरस सेंटीमीटर धरली, तर त्याच्यावर खालून सुमारे 84 ग्रॅमचा रेटा येतो. तुकड्याचे स्वतःचे वजन 10 ग्रॅमच्या आसपास असेल. लाळेने ओल्या, बुळबुळीत तुकड्याला आठपट वजनाचा अचानक धक्का बसला, तर तो निघण्याची शक्यता चांगली असते. एकदा तो जागचा हलला की मागची हवा फटीतून वेगाने सुटते आणि त्याला सोबत घेऊन जाते.

गावाकडे मुले बांबूच्या नळीची बंदूक करतात. नळीच्या पुढच्या टोकात ओल्या कागदाचा बोळा घट्ट बसवायचा, मागच्या टोकात दुसरा, आणि मागचा काडीने जोरात पुढे रेटायचा. काडी पुढच्या बोळ्याला शिकतच नाही, तरी तो फटकन उडतो, कारण मधली हवा दाबली गेलेली असते. पोटावरच्या झटक्यात मूठ ही काडी, श्वासपटल हा मागचा बोळा आणि मटणाचा तुकडा हा पुढचा बोळा. काडी हळूहळू रेटली तर हवा कडेने निसटते आणि बोळा फुसका पडतो, हेही त्या मुलांना ठाऊक असते.

हात कुठे आणि कसे?

ही कृती या भौतिकशास्त्रातूनच ठरते. मदत करणाऱ्याने काकांच्या मागे उभे राहावे, एक पाय त्यांच्या दोन पायांमध्ये ठेवावा, म्हणजे ते कोसळले तर सावरता येतील. दोन्ही हात कमरेभोवती घालावेत. एका हाताची मूठ करून अंगठ्याची बाजू पोटाला लावावी. जागा बेंबीच्या थोडी वर आणि छातीचे मधले हाड जिथे संपते त्याच्या बरीच खाली. दुसऱ्या हाताने मूठ धरावी आणि आत व वर असा एकच जोरकस झटका द्यावा.

मूठ फार वर, हाडाच्या टोकावर गेली, तर ते टोक मोडू शकते आणि खालच्या यकृताला इजा होऊ शकते. फार खाली गेली, तर जोर आतड्यांतच जिरतो आणि घुमटापर्यंत पोहोचत नाही. नुसते आत दाबले आणि वर उचललेच नाही, तरीही परिणाम कमी होतो. हातांनी बरगड्या आवळून मिठी मारणे ही तर नेहमीची चूक. त्यात श्वासपटल हलत नाही आणि बरगड्या मात्र मोडू शकतात. प्रत्येक झटका वेगळा असावा, मध्ये हात सैल सोडावेत. सतत दाबून धरले तर दाबाची अचानक वाढ होत नाही, आणि नेमकी तीच हवी असते.

त्याआधी पाठीवर थापा द्यायच्या का, यावर बरीच वर्षे वाद होता. हाइमलिक यांचा त्याला कडाडून विरोध होता, थापेने घास खाली जाईल असे ते म्हणत. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र पाठीवरच्या थापा पहिल्या ठेवल्या, आणि 2025 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही प्रौढांसाठी आणि मुलांसाठी तोच क्रम सांगितला. माणसाला कमरेतून पुढे वाकवायचे, एका हाताने छातीला आधार द्यायचा आणि दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्यायच्या. तेवढ्याने निघाले नाही तर पोटावर पाच झटके. घास निघेपर्यंत किंवा शुद्ध हरपेपर्यंत हेच आलटूनपालटून करायचे. आपल्याकडे माणसाला ताठ उभे ठेवून पाठीवर हळूच थोपटतात किंवा डोक्यावर टपली मारतात, त्याचा उपयोग नाही. पुढे वाकवले की सुटलेला घास गुरुत्वाकर्षणाने तोंडाकडे येतो.

पाणी पाजू नये. ते गिळायची वाटच घासाने अडलेली असते. घास दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नये, बोटाने तो आणखी आत जातो. डोळ्यांना दिसत असेल तरच काढावा.

जिथे पोट दाबायचे नाही

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर हा झटका कधीही देऊ नये. बाळाचे यकृत शरीराच्या मानाने मोठे असते आणि बरगड्यांच्या खाली बरेच उघडे असते, ते फाटू शकते. बाळाला हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवावे आणि पाठीवर पाच थापा द्याव्यात. मग उलथे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. बाळाच्या बरगड्या लवचिक असतात, त्यामुळे छाती दाबूनच आतल्या हवेवर पुरेसा दाब येतो.

पोट बरेच पुढे आलेल्या गर्भवतीच्या बाबतीत मुठीला जागाच नसते आणि गर्भाला धोका असतो. खूप स्थूल व्यक्तीच्या कमरेला हात पुरत नाहीत. या दोघांच्या बाबतीत मागूनच, पण काखेतून हात घालून छातीच्या मधल्या हाडावर मूठ ठेवावी आणि सरळ मागे झटका द्यावा. इथे हवा खालून दाबण्याऐवजी समोरून दाबली जाते, तत्त्व तेच.

माणूस बेशुद्ध होऊन पडला, तर त्याला जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाब द्यायला सुरुवात करावी. हृदय बंद पडल्यावर देतात तसाच. 2000 साली मृतदेहांवर केलेल्या एका अभ्यासात वाट बंद असताना छातीवरच्या दाबाने श्वासमार्गात पोटावरच्या झटक्यापेक्षा जास्त दाब निर्माण झाला होता. म्हणजे छाती दाबताना रक्तही फिरते आणि घासालाही धक्का बसतो. शुद्ध हरपल्यावर घशाचे आवळलेले स्नायू सैल पडतात, त्यामुळे आधी न निघालेला तुकडा आता निघू शकतो. मध्ये मध्ये तोंड उघडून तो दिसतो का, हे पाहावे.

कधी जमत नाही

प्रत्येक वेळी घास निघेलच असे नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा प्लास्टिकचा कागद स्वरयंत्रावर चिकटून बसतो आणि हवा आली की पडद्यासारखा फडफडतो, उडत नाही. चिकट पदार्थ भिंतींना धरून राहतो. शेंगदाण्यासारखी लहान वस्तू मुख्य वाटेच्या पलीकडे एका फुप्फुसाच्या फांदीत गेली, तर दुसरे फुप्फुस चालू असते. माणूस गुदमरत नाही, पण खोकला आणि एका बाजूची घरघर राहते. तिथे पोट दाबून उपयोग नाही, दुर्बिणीनेच काढावे लागते. लहान मुलाला शेंगदाणे खाताना जोरदार ठसका लागला, मग थांबला, आणि काही दिवसांनी खोकला व ताप सुरू झाला, तर त्या ठसक्याची गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी.

आणि घास निघाला तरी काम संपत नाही. पोटावर झटके दिलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांना दाखवावे. बरगडी मोडणे, उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाणे, क्वचित यकृत, प्लीहा किंवा जठर फाटणे, अशा इजा नोंदलेल्या आहेत. पोटात दुखणे वाढत जाणे, चक्कर येणे, धाप लागणे ही धोक्याची लक्षणे. याच कारणाने ही कृती धडधाकट माणसावर सराव म्हणून करू नये. हात कुठे ठेवायचे ते पाहावे, झटका बाहुलीवर शिकावा.

आसपास कुणीच नसेल, तर स्वतःची मूठ तशीच पोटावर ठेवून झटका देता येतो, किंवा खुर्चीच्या पाठीवर, ओट्याच्या कडेवर पोटाचा वरचा भाग टेकवून अंग जोरात खाली झोकून देता येते. खुर्चीची कड तेव्हा मुठीचे काम करते.

हाइमलिक स्वतः 96 वर्षांचे असताना, मे 2016 मध्ये, सिनसिनाटीतल्या ज्येष्ठांच्या निवासात जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेल्या एका वृद्धेच्या घशात घास अडकला. त्यांनी उठून आपलीच पद्धत वापरली आणि तुकडा बाहेर पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले. शंभरीला टेकलेल्या माणसाच्या हातांतही पुरेसा जोर होता, कारण खरे काम हात करत नाहीत, आतली हवा करते.

हळदीच्या मांडवात काकांना पाणी पाजायला निघालेल्यांना बाजूला सारून त्यांची पुतणी पुढे येते, असे समजू. "काका, घशात अडकलंय का?" काका मान हलवतात. "बोलू नका, पुढे वाका." पाच थापा, काही होत नाही. ती मागे जाते, बेंबीच्या वर मूठ लावते. पहिल्या झटक्याला काही नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या झटक्याला तुकडा ताटाच्या पलीकडे जाऊन पडतो आणि काका मोठ्या आवाजात पहिला श्वास ओढतात. आता मात्र सगळ्यांना कळते की काय झाले होते.